पासबुकातला व्याजाचा आकडा येतो कुठून?

बचत खात्यावर पहिलं व्याज पडलं की बरेच ग्राहक पासबुक घेऊन काउंटरवर विचारायला येतात. हे पत्रक त्यांच्यासाठी आहे.

घरातली वडीलधारी माणसं अजून सांगतात, "पैसे दहा तारखेच्या आत भर, नाहीतर त्या महिन्याचं व्याज बुडालं." एके काळी ते खरं होतं. 10 तारखेपासून महिनाअखेरपर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावरच व्याज मिळायचं. 1 एप्रिल 2010 पासून मात्र रोजच्या शिल्लकेवर व्याज मोजतात. दिवसाच्या शेवटी खात्यात जेवढे पैसे, तेवढ्यांचं त्या दिवसाचं व्याज.

समजा, 1 जानेवारीला तुमच्या खात्यात 5,000 रुपये होते. 11 तारखेला उसाचं बिल 40,000 जमा झालं. 21 तारखेला सोसायटीचं कर्ज फेडायला तुम्ही 35,000 काढले, आणि उरलेले 10,000 मार्चअखेरपर्यंत तसेच राहिले. आता शिल्लक गुणिले दिवस करा. पहिले 10 दिवस 5,000 म्हणजे 50,000, पुढचे 10 दिवस 45,000 म्हणजे 4,50,000 आणि नंतरचे 70 दिवस 10,000 म्हणजे 7,00,000. बेरीज 12,00,000. दर साल 3 टक्के धरला, तर तिचे 3 टक्के 36,000 होतात. त्याला 365 ने भागलं की 98 रुपये 63 पैसे. बँक व्याज जवळच्या पूर्ण रुपयात धरते, म्हणून पासबुकात मार्चअखेरच्या व्याजाच्या ओळीत 99 रुपये दिसायला हवेत. उसाचे पैसे खात्यात जेमतेम 10 दिवसच जास्त होते, पण त्या 35,000 नी सुमारे 29 रुपये मिळवून दिले. जुन्या पद्धतीत ते मिळाले नसते.

दर प्रत्येक बँकेचा वेगळा असतो आणि बदलतोही. म्हणून हिशेब करण्याआधी शाखेतल्या फलकावरचा दर बघा.

पासबुकात 'जमा' म्हणजे खात्यात आलेले पैसे, 'नावे' म्हणजे खात्यातून गेलेले. बँकेचे आकारही 'नावे'च्या रकान्यात पडतात, म्हणून तिथली प्रत्येक ओळ वाचा. किमान शिल्लक कमी पडली म्हणून समजा 50 रुपये लागले, तर त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 59. म्हणजे तीन महिन्यांच्या व्याजातले निम्म्याहून जास्त गेले! एटीएममधून मोफत मर्यादेपेक्षा जास्त वेळा पैसे काढले तरी आकार लागतो.

ज्यांच्या खात्यात महिनाअखेरीस फारसं काही उरत नाही, त्यांनी 'मूलभूत बचत खातं' मागावं. त्यात किमान शिल्लकेची अट नसते, म्हणून तो दंडही नाही. पासबुक मोफत, आणि महिन्यात निदान चार वेळा पैसे काढायला आकार नाही. मात्र त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पासबुक भरून घ्या. आकडा जुळला नाही, तर ते पान घेऊन काउंटरवर या. आपण दोघे मिळून मोजू.