साधनांची दरी आणि ज्ञानाची दरी

एखाद्याकडे वर्तमानपत्र, टीव्ही किंवा इंटरनेट नाही, म्हणून त्याला बातमी कळत नाही. ही साधनांची दरी. ज्ञानाची दरी वेगळी. इथे बातमी दोघांपर्यंत पोचलेली असते, तरी एकाच्या पदरात जास्त पडते. या दोन्हींची गल्लत झाली की उपायही चुकतो.

मिनेसोटा विद्यापीठातल्या टिचेनोर, डोनोह्यू आणि ओलियन यांनी १९७० मध्ये मांडलेलं गृहीतक दुसऱ्या दरीबद्दल आहे. समाजात माहितीचा ओघ वाढतो तेव्हा वरच्या सामाजिक-आर्थिक स्तरातले लोक ती अधिक वेगानं आत्मसात करतात, म्हणून अंतर घटण्याऐवजी वाढतं. खालच्या स्तराला काहीच कळत नाही, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. कळतं, पण सावकाश. स्तर ओळखायची मुख्य खूण त्यांनी शिक्षण ही धरली होती.

माणूस चंद्रावर पोचेल का, हा प्रश्न अमेरिकेत १९४९ ते १९६५ दरम्यान वेगवेगळ्या जनमत चाचण्यांत विचारला गेला. सुरुवातीला ‘हो’ म्हणणारे सगळ्याच गटांत कमी होते. अवकाशाच्या बातम्या वाढत गेल्या तशी सगळ्यांचीच मतं बदलली, पण जास्त शिकलेल्यांची झपाट्यानं. वृत्तपत्रांच्या संपाचा एक अभ्यास तर याहून बोलका वाटतो. जिथे संपामुळे वर्तमानपत्र बंद होतं, तिथे शिकलेल्या आणि कमी शिकलेल्यांतलं चालू घडामोडींच्या ज्ञानाचं अंतर कमी होतं, आणि जिथे ते येत होतं तिथे जास्त. प्रश्न फक्त साधनाचा असता तर चित्र उलटं दिसायला हवं होतं.

शिक्षणामुळे असं काय होतं? वाचून समजून घेण्याची सवय लागते, आधीच्या माहितीत नवी बातमी चटकन बसते, आणि तिच्याबद्दल बोलायला आजूबाजूला तशीच माणसं असतात. उत्पन्नाचा हात जास्त करून पहिल्या दरीत दिसतो: वर्गणी, उपकरण, निवांत वेळ. अर्थात दोन्ही बहुधा एकाच घरात नांदतात, त्यामुळे आकडेवारीत कुणाचा परिणाम किती हे सोडवून काढणं किचकट असतं.

मोजतानाही फसगत होते. समजा, एखाद्या आजाराविषयीच्या माहिती-मोहिमेआधी दोन गटांना शंभरात ३० आणि २० गुण होते, नंतर ७० आणि ४० झाले. दोघंही शिकले, अंतर मात्र १० वरून ३० झालं. आता प्रश्न अगदी सोपे ठेवले तर दोघंही ९५ च्या आसपास जातील आणि दरी मिटल्यासारखी वाटेल. प्रत्यक्षात वरच्या गटाला पुढे सरकायला जागाच उरलेली नसते. आजाराचं नाव विचारलं की अंतर कमी दिसतं, तो पसरतो कसा हे विचारलं की बहुधा जास्त.

मिनेसोटाच्या त्याच तिघांनी १९७५ मध्ये अपवादही नोंदवला. एखाद्या गावात स्थानिक प्रश्नावरून वाद पेटला आणि तो प्रत्येकाला भिडला, तर कमी शिकलेलेही तितक्याच आस्थेनं माहिती मिळवतात, आणि अंतर आटू शकतं.