अर्ध्या घुबडाची मेश-दुरुस्ती

थ्रीडी प्रिंटरवर छापायला ६० मिलिमीटर उंचीचं घुबड तयार करायचं असेल, तर बरेच जण अर्धंच घुबड घडवतात. त्या अर्ध्याची प्रत काढायची, X अक्षावर -1 ने स्केल करून ती उलटवायची आणि दोन्ही अर्धी शेजारी ठेवून एकाच STL फाइलमध्ये काढायची. पडद्यावर घुबड झकास दिसतं. छपाईसाठी मॉडेलचे थर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे स्लायसरमध्ये, ते टाकलं की मात्र बैठकीच्या मधोमध नको असलेली भिंत उभी राहते, डोक्याचे काही थर मधूनच तुटतात आणि एखादा थर सरळ गायब होतो.

स्लायसरला घुबड दिसत नाही. त्याच्या हाती फक्त त्रिकोणांची यादी असते. तिच्यातली एक नोंद अशी:

```
facet normal 0 0 1
  outer loop
    vertex 0 0 10
    vertex 10 0 10
    vertex 0 10 10
  endloop
endfacet
```

तीन बिंदू आणि वरची `normal` ओळ, म्हणजे पृष्ठभागाची बाहेरची दिशा. बिंदू बाहेरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट क्रमाने यावेत, असा नियम आहे. वरच्या नोंदीत तो पाळला आहे. आता तिन्ही बिंदूंच्या X चं चिन्ह बदला: 10 चे -10 होतात, क्रम तोच राहतो, पण वरून पाहिलं तर बिंदू काट्यांच्या दिशेने फिरू लागतात. त्रिकोणाची आतली बाजू बाहेर आली. स्केल करताना सॉफ्टवेअरने हा क्रम स्वतःहून पालटला नाही, तर घुबडाचं अर्धं अंग असं उलटं होतं. यालाच नॉर्मल उलटणं म्हणतात.

शेजारी कोण, हे STL मध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. साध्या घनाला आठ कोपरे असतात, पण १२ त्रिकोणांच्या यादीत ते ३६ बिंदू होऊन येतात. कोणते बिंदू एकच आहेत हे स्लायसरला स्वतःच जुळवावं लागतं. मग तो प्रत्येक उंचीवर आडवी पातळी फिरवतो, ती ज्या त्रिकोणांना कापते तिथे एकेक रेघ मिळते आणि रेघा टोकाला टोक जोडून बंद वेटोळं तयार होतं. वेटोळ्याच्या कोणत्या बाजूला प्लास्टिक भरायचं, हे ठरवायला रेघांची दिशा कामी येते. मधली एक रेघ नसेल तर वेटोळं बंद होत नाही, दिशा उलटी असेल तर भरीव भाग भोक समजला जाऊ शकतो.

म्हणून सगळी तपासणी कडांवर येऊन थांबते. निरोगी मेशमध्ये, म्हणजे त्रिकोणांच्या जाळीत, प्रत्येक कड नेमक्या दोन त्रिकोणांची असते. एकाचीच असेल तर तिथे भोक आहे. तीन किंवा जास्त त्रिकोण एका कडेला येऊन भिडले, तर त्या जागी आत कुठलं आणि बाहेर कुठलं हे सांगता येत नाही. हीच नॉन-मॅनिफोल्ड कड. (ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर भोकाच्या कडेलाही याच नावाखाली मोजतं, हे लक्षात असू द्या.) या नियमातून एक गंमतशीर चाचणी मिळते. प्रत्येक त्रिकोणाला तीन कडा आणि प्रत्येक कड दोघांत वाटलेली, म्हणजे त्रिकोणांची संख्या कायम सम. स्लायसरने त्रिकोणांचा आकडा विषम दाखवला, की मेशमध्ये काहीतरी बिघडलंय हे नक्की. सम आकडा मात्र कसलीच हमी देत नाही.

आता घुबड ब्लेंडरमध्ये उघडू. डोक्याची मधली कड X = 0 वर असायला हवी होती, पण ती 0.03 मिलिमीटरवर राहिली आहे. दोन अर्ध्यांमध्ये 0.06 ची फट आहे. बैठक ठोकळ्यातून घडवली होती, त्यामुळे दोन्ही अर्ध्यांना मधल्या बाजूने भिंत आहे. चोचीजवळचा एक त्रिकोण चुकून पुसला गेला होता, उलटवल्यावर तशी दोन भोकं झाली.

दिसलं भोक की बुजव, हा इथे सगळ्यात वाईट मार्ग. डोक्याची उघडी कड हेही एक भोकच दिसतं. ते बुजवलं तर दोन्ही अर्ध्यांना नव्या भिंती मिळतात आणि आतून दुभंगलेलं घुबड हाती येतं. आधी फट सांधायची. जवळचे बिंदू एक करणाऱ्या `Merge by Distance` ला सरळ 0.1 अंतर देऊन मोकळं होण्याचा मोह होतो. फट जाईल, पण पिसांच्या 0.08 मिलिमीटर रुंदीच्या रेषाही मिटून जातील. त्यापेक्षा समोरून पाहत `Alt+Z` ने आरपार दृश्य घ्यावं, फक्त मधल्या रेषेवरचे बिंदू निवडावेत आणि `S`, `X`, `0` दाबावं. दोन्ही बाजू सारख्या असल्याने सगळे बिंदू मध्यावर येऊन बसतात. त्यांच्यापुरतं `Merge by Distance` 0.001 अंतराने केलं की काम झालं.

सांधल्यावर `Non Manifold` निवड चालवली, तर आतापर्यंत शहाणी वाटणारी बैठक चमकू लागते. यात नवल नाही. वेगळ्या असताना दोन्ही अर्ध्या बैठका आपापल्या परीने बंद होत्या. एकत्र आल्यावर बाहेरचे दोन पृष्ठभाग आणि मधली भिंत एकाच कडेला भिडले. तळाचे त्रिकोण `H` ने लपवून आत डोकवा, भिंतीचे त्रिकोण हाताने निवडा आणि `Faces` पर्यायाने पुसा. `Interior Faces` नावाची तयार निवड आहे, पण ती फक्त सगळ्याच कडांवर गर्दी असलेले पृष्ठभाग पकडते. दोन त्रिकोणांत विभागलेल्या भिंतीचा कर्ण तिला चकवू शकतो. नंतर `Alt+H` ने तळ परत आणायचा.

पुन्हा `Non Manifold`. आता चोचीजवळची दोनच भोकं उरली आहेत आणि ती खरी आहेत. तीन बिंदू निवडून `F`, तसंच दुसऱ्या बाजूला. भोक मोठं आणि गोलसर भागावर असतं, तर `F` ने तिथे सपाट ठिगळ बसलं असतं. अशा वेळी `Grid Fill` बरं, ते आजूबाजूच्या कडांवरून जाळी विणतं.

नॉर्मल सगळ्यात शेवटी. सगळं निवडून `Shift+N` दाबलं की ब्लेंडर एका बाहेरच्या पृष्ठभागापासून सुरुवात करतो आणि कडेवरून शेजाऱ्याकडे, त्याच्या शेजाऱ्याकडे अशी दिशा पुढे देत जातो. मधली भिंत शाबूत असती, तर तिघांच्या कडेवर कोणाला काय सांगायचं हाच प्रश्न पडला असता. फट उघडी असती, तर डोक्यापाशी निरोप पलीकडे पोचलाच नसता. मग `Face Orientation` चालू करून घुबड चहूबाजूंनी फिरवून पाहायचं. लाल दिसेल तो भाग अजून उलटा आहे.

एका बटणात दुरुस्ती करणारी साधनं हीच कामं करतात, पण चोचीजवळचं भोक चुकीचं आणि फुलदाणीचं तोंड मुद्दाम उघडं, हा फरक त्यांना कळत नाही. शून्य जाडीची फुलदाणी तर दुरुस्तीचा विषयच नाही. तिला `Solidify` ने जाडी द्यावी लागते.

कडांच्या तपासणीतून एक गोष्ट निसटतेच. घुबडाचे पाय वेगळे बनवून बैठकीत नुसते खुपसले असतील, तर पाय आणि बैठक दोन्ही स्वतंत्रपणे निर्दोष ठरतात, कारण एकमेकांत घुसलेल्या पृष्ठभागांना सामाईक कडच नसते. बरेच स्लायसर असे भाग थर पाडताना एकजीव करतात, सगळे करतीलच असं नाही. तेव्हा पायांच्या उंचीचे थर प्रीव्ह्यूमध्ये एकेक करून पाहावेत. आत आणखी एक बाह्यरेषा उमटलेली दिसली, तर ब्लेंडरमध्ये परत जाऊन `Boolean` मधल्या `Union` ने पाय आणि बैठक एक करून घ्यायची.