जवस, अक्रोड, चिया आणि माशाचं तेल: सोलापूरच्या ताटातल्या ओमेगा-थ्रीची पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यातल्या काळ्या रानात रब्बी ज्वारीच्या कडेने करडईच्या ओळी लावायची जुनी पद्धत आहे. करडईला काटे असतात, त्यामुळे मोकाट जनावरं आत शिरत नाहीत आणि घरापुरतं तेलही निघतं. तिच्याच जोडीला कुठेतरी जवसाचा पट्टा असायचा. करडई घाण्यावर जायची आणि जवस चटणीत. ओमेगा-थ्री या तेला-चरबीतल्या स्निग्ध आम्लांच्या गटाची गोष्ट सांगायची तर ही दोन पिकं शेजारी ठेवावी लागतात. आज शहरात 'मासे खात नसाल तर अक्रोड आणि चिया खा' असा सल्ला सर्रास मिळतो. तो अर्धाच खरा आहे. उरलेलं अर्धं बरंचसं आपल्या कढईतल्या तेलावर ठरतं.

शरीराला काही स्निग्ध आम्लं बाहेरूनच मिळावी लागतात, हे 1929 मध्ये जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या अमेरिकी दाम्पत्याने मिनेसोटा विद्यापीठात दाखवलं. त्यांनी उंदरांना चरबी पूर्ण वगळलेलं अन्न दिलं. उंदरांची वाढ खुंटली, शेपट्यांवर खवले आले आणि शेवटी ते मेले. अन्नात थोडी योग्य चरबी घातली की ते सुधारायचे. पुढच्याच वर्षी त्या चरबीतलं कामाचं द्रव्य लिनोलेइक आम्ल असल्याचं त्यांनी सांगितलं. हे ओमेगा-सिक्स गटातलं आहे आणि करडईच्या तेलात ते साधारण सत्तर-पंचाहत्तर टक्के असतं. पुढे अशा तेलांनी रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरतं हेही दिसलं, आणि करडई हृदयाचं तेल म्हणून नावाजली गेली. सोलापूरच्या संशोधन केंद्राने तिचं 'भीमा' हे वाण दिलं ते याच पिकावरच्या कामातून. कोलेस्टेरॉलबद्दलचा तो शोध चुकीचा नव्हता. फक्त त्या काळी ओमेगा-थ्रीकडे फारसं कोणी पाहत नव्हतं.

ते लक्ष 1970च्या दशकात वेधलं गेलं. बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी ग्रीनलँडच्या इनुइट लोकांच्या रक्ताची तपासणी केली आणि सील, मासे यांतून येणाऱ्या ईपीए आणि डीएचए या लांब साखळीच्या ओमेगा-थ्री आम्लांवर बोट ठेवलं. त्या लोकांत हृदयविकार खरोखर किती कमी होता यावर पुढे वाद झाला. पण माशाच्या तेलाचं सारं वेड तिथून सुरू झालं.

दुसरा धागा माणसाच्या आजारातून आला आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. 1982 मध्ये बर यांचेच विद्यार्थी राल्फ होलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा वर्षांच्या एका मुलीची हकीकत प्रसिद्ध केली. पोटात गोळी लागल्यामुळे तिचं आतडं बरंच काढावं लागलं होतं, म्हणून तिला सगळं पोषण शिरेवाटे द्यावं लागे. त्यातली चरबी करडईच्या तेलाची होती. काही महिन्यांनी तिच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, पाय दुखू लागले, चालता येईना, नजर धूसर झाली. रक्तात ओमेगा-थ्री अगदी कमी निघालं. डॉक्टरांनी करडईऐवजी सोयाबीनच्या तेलाचं द्रावण सुरू केलं आणि ती लक्षणं गेली. सोयाबीन तेलात अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे एएलए हे ओमेगा-थ्री, सुमारे सात टक्के असतं. करडईत ते जवळपास नसतंच. एका मुलीवरून सगळ्या माणसांचा नियम काढता येत नाही, हा आक्षेप त्यावर घेतला गेला आणि तो रास्त आहे. तरी ओमेगा-सिक्स भरपूर असूनही ओमेगा-थ्रीची उणीव पडू शकते, ही शंका तेव्हापासून गंभीरपणे घेतली जाऊ लागली.

जवस, चिया आणि अक्रोड यांच्यात असतं ते हे एएलए. त्याच्या साखळीत अठरा कार्बन आणि तीन दुहेरी बंध असतात. माशातल्या ईपीएमध्ये वीस कार्बन आणि पाच बंध, तर मेंदूत आणि डोळ्याच्या पडद्यात साठणाऱ्या डीएचएमध्ये बावीस कार्बन आणि सहा बंध असतात. जमिनीवरची आपली पिकं ही लांब साखळी बनवतच नाहीत. ती बनवतात समुद्रातली सूक्ष्म शेवाळं. ती शेवाळं खाणारे जीव माशांच्या पोटात जातात, म्हणून माशात ईपीए आणि डीएचए साठतं. माणसाच्या यकृतात एएलए लांबवायची सोय आहे, पण ती फार तोकडी आहे. पोटात गेलेल्या एएलएचा मोठा वाटा ऊर्जेसाठी जळून जातो. उरलेल्याला पहिल्या पायरीवर एक विकर लागतं, आणि लिनोलेइक आम्लालाही तेच लागतं. गावात एकच चक्की असावी आणि एका घराने पोत्यांनी दळण आणलं की दुसऱ्याचं पायलीभर दळण दिवसभर पडून राहावं, तसं हे होतं. पुढे डीएचएपर्यंत जाताना ते विकर पुन्हा एकदा लागतं आणि शेवटी साखळी थोडी छाटावीही लागते. म्हणून ईपीए थोडं तरी बनतं, डीएचए मात्र अगदी कमी.

इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या संशोधकांनी 2002 मध्ये खूण घातलेलं एएलए माणसांना देऊन ते रक्तात कुठवर जातं ते पाहिलं. तरुण पुरुषांत सुमारे आठ टक्के एएलए ईपीए झालं आणि डीएचए जवळजवळ दिसलंच नाही. तरुण स्त्रियांत दोन्ही जास्त बनलं, बहुधा इस्ट्रोजेनमुळे. त्याआधी 1994 मध्ये एम्केन यांनी अमेरिकेत असं दाखवलं होतं की रोजचं लिनोलेइक आम्ल पंधरा ग्रॅमवरून तीस ग्रॅमवर नेलं की एएलएचं रूपांतर जवळपास निम्म्यावर येतं. आपल्यासाठी सगळ्यात जवळचा अभ्यास हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या गफूरुन्निसा यांचा. त्यांनी 1992 मध्ये भारतीय आहारात एएलए आणि माशाचं तेल यांची तुलना केली. त्यांच्या हिशोबाने साधारण अकरा ग्रॅम एएलए म्हणजे एक ग्रॅम लांब साखळीचं ओमेगा-थ्री.

पिढ्यान्‌पिढ्या शाकाहार असलेल्या लोकांचं शरीर या कामाला सरावलेलं असेल, अशी आशा अनेकांना वाटते. ती पूर्णपणे खोटी नाही. 2016 मध्ये कॉर्नेलच्या आणि पुण्याच्या संशोधकांनी मिळून केलेल्या अभ्यासात पुण्यातल्या, मुख्यतः शाकाहारी लोकांपैकी सुमारे 68 टक्क्यांमध्ये या विकराच्या जनुकाचं जास्त जोमदार रूप आई-वडील दोघांकडूनही आलेलं आढळलं. अमेरिकेतल्या नमुन्यात ते प्रमाण 18 टक्के होतं. पण ही जोमदार चक्की ओमेगा-सिक्सही तितक्याच जोरात दळते. ताटात करडई आणि सूर्यफूल भरपूर असेल तर जास्त अराकिडोनिक आम्ल, म्हणजे लांब साखळीचं ओमेगा-सिक्स बनतं, डीएचए नाही. हा वारसा उपयोगी पडायचा तर कढईतलं तेल बदलावं लागेल.

आता एका माणसाच्या ताटाचा हिशोब मांडू. कडक भाकरीबरोबर दोन मोठे चमचे जवसाची चटणी, त्यात जवस साधारण दहा ग्रॅम. त्यातून एएलए मिळतं 2.2 ग्रॅम. हैदराबादच्या हिशोबाने त्याचं लांब साखळीचं ओमेगा-थ्री होतं 200 मिलिग्रॅमच्या आसपास. मोठ्या माणसाला ईपीए आणि डीएचए मिळून रोज 250 मिलिग्रॅम असावं असं जागतिक पातळीवर सुचवलं जातं, म्हणजे आकडा जवळ आला. पण यातलं बहुतेक ईपीए आणि त्यापुढची मधली पायरी असते. डीएचए धरलं तरी दहा-वीस मिलिग्रॅमच्या घरात. आणि हा हिशोबही तेल बरं असेल तरच. दिवसाला पंचवीस ग्रॅम करडई तेल पोटात गेलं तर लिनोलेइक आम्ल अठरा ग्रॅम होतं. तेच शेंगदाणा तेल असेल तर आठ ग्रॅम. शेंगा चटणीची भर वेगळी, तिच्यात एएलए जवळपास शून्य असतं.

अक्रोडाचंही तेच. मूठभर, म्हणजे 28 ग्रॅम अक्रोडात एएलए अडीच ग्रॅम असतं, पण लिनोलेइक आम्ल जवळपास अकरा ग्रॅम. दहा ग्रॅम चियात एएलए सुमारे 1.8 ग्रॅम, म्हणजे जवसापेक्षा थोडं कमीच. चिया मूळची मेक्सिको आणि ग्वाटेमालातली; तिला नावं ठेवण्यासारखं काही नाही. पण ओमेगा-थ्रीसाठी म्हणून ती महाग घ्यायचं कारण मला दिसत नाही. इथलं जवस तेच काम करतं आणि स्वस्तात करतं.

फक्त जवस दळलेलं हवं. अख्ख्या दाण्याचं टरफल गुळगुळीत आणि चिवट असतं, बरेच दाणे जसेच्या तसे बाहेर पडतात. अख्खी चिया खाल्ली तर रक्तातलं एएलए वाढत नाही आणि दळलेली खाल्ली तर वाढतं, हे अमेरिकेत 2012 मध्ये दिसलं; ईपीए वाढलं, डीएचए तेव्हाही हललं नाही. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंतच भाजावं, मग लसूण, सुक्या मिरच्या, जिरं, मीठ घालून थोडंच कुटावं. एएलए हवेशी फार लवकर संयोग पावतं. म्हणूनच तर जवसाचं तेल ऑइल पेंटमध्ये आणि क्रिकेटच्या बॅटला लावायला चालतं. चटणीला रंगाच्या डब्यासारखा वास आणि कडवट चव आली की ती टाकून द्यावी. आठवड्यापुरतीच करून घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रिजमध्ये ठेवलेली बरी.

मासे खाणाऱ्यांनीही एक गोष्ट बघावी. उजनीची चिलापी इथे सहज मिळते, पण तिच्यात ओमेगा-थ्री कमीच असतं. बांगडा आणि तारली यांच्यात ते भरपूर असतं, आणि ते कोकणातून बर्फात येतात.

जे मासे खातच नाहीत त्यांच्यासाठी डीएचएचा थेट स्रोत शेवाळाचं तेल आहे. मासे जिथून घेतात तिथूनच ते घेतलेलं असतं आणि लहान बाळांच्या दुधाच्या पावडरीतही ते वापरतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आयांना याची गरज सगळ्यात जास्त, कारण बाळाच्या मेंदूत आणि डोळ्यात जाणारं डीएचए आईकडूनच येतं. त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावं. दुकानात मात्र लेबल उलटून पाहावं. 'ओमेगा-थ्री 1000 मिलिग्रॅम' किंवा 'ओमेगा 3-6-9' एवढंच लिहिलं असेल तर ती शाकाहारी गोळी बहुधा जवसाच्या तेलाची असते. डीएचए हवं असेल तर आतल्या तक्त्यात 'डीएचए' ही वेगळी ओळ आणि तिच्यासमोर मिलिग्रॅमचा आकडा दिसायला हवा. ती ओळ नसेल तर त्या डबीपेक्षा घरची चटणी केव्हाही परवडते.