जलसक्रियता (अन्नप्रक्रियेतील)

जलसक्रियता : अन्नपदार्थातील पाण्यापैकी किती पाणी सूक्ष्मजीवांच्या वाढीला आणि रासायनिक विक्रियांना उपलब्ध आहे, हे दर्शविणारी राशी. एखाद्या पदार्थावरील पाण्याच्या वाफेचा दाब आणि त्याच तापमानाला शुद्ध पाण्यावरील वाफेचा दाब यांचे गुणोत्तर म्हणजे जलसक्रियता (a_w = p / p₀). शुद्ध पाण्याची जलसक्रियता १, तर पूर्ण कोरड्या पदार्थाची शून्य. बंद भांड्यात पदार्थ ठेवला असता त्याच्याभोवतीच्या हवेची आर्द्रता काही वेळाने एका अंकावर स्थिरावते. या आर्द्रतेच्या टक्केवारीला शंभराने भागले की जलसक्रियता मिळते. मापनयंत्रे याच तत्त्वावर चालतात.

पदार्थातील पाण्याची टक्केवारी आणि जलसक्रियता यांत गल्लत होऊ देता कामा नये. १६ टक्के पाणी असलेला बेदाणा महिनोन् महिने टिकतो. तितकेच पाणी असलेला गहू कोठारात बुरसतो. बेदाण्यातील पाणी साखरेच्या दाट द्रावणात अडकलेले असते आणि त्याची जलसक्रियता ०.६ च्या जवळपास किंवा थोडी खालीच राहते. गव्हात स्टार्च आणि प्रथिने आहेत, विरघळलेली साखर अगदी थोडी. त्यामुळे तेवढ्याच पाण्याला त्याची जलसक्रियता ०.७५ च्या आसपास किंवा वर जाते. म्हणून केवळ ओलाव्याच्या टक्केवारीवरून टिकाऊपणा ठरवणे धोक्याचे असते.

संकल्पनेचा उगम : रसायनशास्त्रात ‘सक्रियता’ ही संज्ञा जी. एन. लूइस यांनी १९०७ च्या सुमारास आणली. अन्नाच्या बाबतीत तिचा श्रेयवाद थोडा गुंतागुंतीचा आहे. साठवणीतील हवेची आर्द्रता आणि बुरशी यांचा संबंध अभ्यासकांनी १९५० च्या आधीच मोजला होता. मात्र सूक्ष्मजीवाची वाढ पाण्याच्या प्रमाणाने नव्हे तर जलसक्रियतेने ठरते, हे पद्धतशीरपणे मांडण्याचे श्रेय बहुतेक लेखक ऑस्ट्रेलियातील डब्ल्यू. जे. स्कॉट यांना देतात (१९५३, आणि १९५७ चा आढावा). जुन्या ग्रंथांतील ‘मुक्त पाणी’ आणि ‘बद्ध पाणी’ ही विभागणी समजावून सांगायला सोपी आहे, परंतु पाण्याचे असे दोन वेगळे साठे पदार्थात नसतात. बांधलेपणा कमीअधिक होत जातो. १९९० च्या सुमारास आणखी एक आक्षेप पुढे आला : कमी पाण्याच्या पदार्थांत खरा समतोल येतच नाही, त्यामुळे काचसदृश अवस्थेचे तापमान हाच अधिक योग्य निकष आहे, असे लुईस स्लेड आणि हॅरी लेव्हिन यांचे म्हणणे होते. कुरकुरीतपणा, गुठळ्या होणे, चिकटपणा यांसाठी हा दृष्टिकोन उपयुक्त ठरला आहे. सूक्ष्मजीवांच्या वाढीची सीमा ठरवताना मात्र जलसक्रियताच आजही अधिक विश्वासार्ह दिसते.

वाढीच्या सीमा : भोवतालची जलसक्रियता उतरली की पेशीतील पाणी बाहेर ओढले जाते. त्याला तोंड देण्यासाठी पेशी प्रोलीन, बिटेन यांसारखे विद्राव्य पदार्थ आत साठवते आणि त्यात तिची ऊर्जा खर्ची पडते. एका मर्यादेनंतर हे जमत नाही आणि वाढ थांबते. अन्न नासवणारे बहुतेक जीवाणू ०.९१ च्या खाली, बहुतेक यीस्ट ०.८८ च्या खाली आणि नेहमीच्या बुरशी ०.८० च्या खाली वाढत नाहीत. अपवाद मात्र महत्त्वाचे आहेत. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा विषकारक जीवाणू ०.८६ पर्यंत वाढू शकतो, साखरेत रमणारे झायगोसॅकरोमायसिस रूक्साय हे यीस्ट ०.६२ पर्यंत, आणि झिरोमायसिस बायस्पोरस ही बुरशी ०.६१ पर्यंत. ०.६० च्या खाली अन्नात कोणाचीही वाढ होत नाही, असे व्यवहारात धरतात.

हे आकडे अढळ नाहीत. जलसक्रियता कशाने उतरवली, यावर सीमा सरकते. घातक विष बनवणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवाणूच्या प्रथिने फोडणाऱ्या प्रकारांची वाढ मिठाने ०.९४ च्या आसपास थांबते. ग्लिसरॉल वापरले तर तीच सीमा आणखी थोडी खाली, ०.९३ कडे जाते. तापमान किंवा आम्लता प्रतिकूल असेल तर सीमा वर चढते. एक गोष्ट मात्र कायम ध्यानात ठेवावी लागते : वाढ थांबली म्हणजे जीव मेले असे नाही. साल्मोनेला कोरड्या पदार्थात महिनोन् महिने जिवंत राहतो, आणि वाळवण्याआधी तयार झालेले विष वाळवल्याने नष्ट होत नाही.

वाळवण (द्राक्षांचे उदाहरण) : द्राक्षात सुमारे ८० टक्के पाणी असते. १०० किलो द्राक्षांत घन भाग २० किलो. अखेरचा ओलावा १६ टक्के हवा असेल, तर २० किलो घन भाग हा तयार मालाचा ८४ टक्के हिस्सा असायला हवा. म्हणजे माल सुमारे २३.८ किलो भरेल आणि ७६.२ किलो पाणी काढावे लागेल. वजनावरून वाळवणीची प्रगती तपासण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग. एका ट्रेवर खूण करून तिचे वजन ठरावीक वेळाने घेतले की पुढचा अंदाज बांधता येतो.

पहिले पाणी भरभर जाते, कारण पृष्ठभाग ओला असतो आणि वेग हवेच्या कोरडेपणावर व प्रवाहावर ठरतो. नंतर पाण्याला आतून बाहेर यावे लागते आणि वेग मंदावतो. द्राक्षाच्या सालीवरचा मेणासारखा थर हा मोठा अडथळा असल्याने पोटॅशियम कार्बोनेट व तेलाच्या सौम्य इमल्शनात द्राक्षे बुडवून काढतात. सुरुवातीलाच फार गरम हवा सोडली तर बाहेरचा थर कडक होऊन आतले पाणी कोंडते. असा मणी बोटांत दाबला तर वरून टणक पण आतून मऊ, ओलसर लागतो. उलट, हवा कोंदट आणि कोमट राहिली तर माल सुकण्याआधी आंबतो किंवा बुरसतो.

नुकसान बहुतेकदा सरासरीमुळे लपते. ट्रेतले लहान मणी १३ टक्क्यांवर आणि जाड मणी २४ टक्क्यांवर असले, तरी सरासरी १६–१७ टक्के दिसू शकते. पण जाड मण्यांची जलसक्रियता ०.७ च्या आसपास असते आणि बिघाड तेथूनच सुरू होतो. म्हणून वाळवल्यावर माल काही दिवस बंद पिंपात ठेवून अधूनमधून हलवतात, म्हणजे ओल्या मण्यांतले पाणी कोरड्यांत जाते. थोडा माल पारदर्शक बरणीत दोनतृतीयांश भरून झाकण लावावे आणि आठवडाभर पाहावे. काचेच्या आतल्या बाजूला धूसरपणा वा थेंब दिसले, तर माल पुन्हा वाळवणे भाग आहे.

गरम माल लगेच पिशवीत भरणे ही आणखी एक नेहमीची चूक. पिशवी थंड होताना वाफ वरच्या कोपऱ्यात जमते, त्या बोटभर जागेत जलसक्रियता १ च्या जवळ जाते आणि बाकी सगळा माल व्यवस्थित असूनही तेथे बुरशीचा ठिपका उमटतो. तपासणीसाठी काढलेला नमुना मधल्या थरातून घेतला असेल, तर यंत्र निर्दोष अंक दाखवते.

मापन : आरशावर दव धरू देऊन दवबिंदू मोजणारी यंत्रे किंवा विद्युत् धारकतेवर चालणारे संवेदक वापरतात. नमुन्याचा कप अर्ध्यापेक्षा जास्त भरत नाहीत आणि नमुना व यंत्र एका तापमानाला येईपर्यंत थांबतात. गरम नमुना चढा अंक देतो. यंत्राची पारख संपृक्त क्षारद्रावणांनी होते. २५° से. ला खाण्याच्या मिठाचे संपृक्त द्रावण ०.७५३ दाखवते. भांड्याच्या तळाशी न विरघळलेले मीठ दिसत नसेल, तर ते द्रावण संपृक्त नाही आणि पारख निरुपयोगी ठरते.

डबाबंदी : निकोला अपेर यांनी आपली पद्धत १८१० मध्ये प्रसिद्ध केली. येथे जलसक्रियतेला हातच लावला जात नाही. मिठाच्या पाण्यातील शेंगदाण्यांची वा घेवड्याच्या दाण्यांची जलसक्रियता ०.९८ च्या आसपास असते, पीएच ४.६ च्या वर असतो, आणि डब्यात प्राणवायू जवळपास नसतो; बोट्युलिनमला याहून सोयीचे स्थान मिळणे कठीण. त्यामुळे सगळा भार उष्णतेवर येतो. पीएच ४.६ पेक्षा जास्त आणि जलसक्रियता ०.८५ पेक्षा जास्त अशा दोन्ही अटी लागू पडल्या, की अमेरिकेच्या नियमांत हवाबंद पदार्थ कमी आम्लाचा गणला जातो. ०.८५ ही रेघ बोट्युलिनमच्या सीमेच्या बरीच खाली असून स्टॅफिलोकॉकसच्या सीमेलगत आहे.

उष्णतेच्या प्रमाणाचा इतिहास मजेशीर नसला तरी उद्बोधक आहे. एस्टी आणि मेयर यांनी १९२२ मध्ये १२१.१° से. ला बोट्युलिनमचे बीजाणू मारायला २.७८ मिनिटे लागतात असे दाखवले. नळी तापायला लागणारा वेळ वजा करून हा आकडा १९३८ मध्ये २.४५ वर आणला गेला. आज ०.२१ मिनिटांत बीजाणू एकदशांश होतात असे धरून त्याच्या बारापटीने २.५२ मिनिटे काढतात आणि व्यवहारात किमान ३ मिनिटे मानतात. अधिक चिवट पण निरुपद्रवी बीजाणूंमुळे माल नासू नये म्हणून उद्योग याच्या दुपटीपर्यंत किंवा पुढेही जातो. हा वेळ डब्याच्या सर्वांत उशिरा तापणाऱ्या बिंदूचा असतो, डबे वाफेच्या दाबाखाली तापवण्याच्या पात्राच्या, म्हणजे रिटॉर्टच्या, तापमापीचा नव्हे.

मारकता, म्हणजे उष्णतेची बीजाणू मारण्याची क्षमता, तापमानात दर १०° ने दसपट बदलते. म्हणजे १११.१° ला १० मिनिटे ही १२१.१° च्या १ मिनिटाबरोबर. तापमापी खऱ्यापेक्षा २° जास्त दाखवत असेल, तर प्रत्यक्ष मारकता सुमारे ०.६३ पट उरते. पुस्तकात ३ मिनिटे लिहिली तरी डब्यापर्यंत १.९ मिनिटेच पोहोचतात. रिटॉर्टमधली हवा वाफेने पूर्ण बाहेर काढली नाही तर तेथे साठलेल्या हवेच्या कप्प्यातले डबे असेच अर्धवट तापतात.

पाणी आणि उष्णता यांचे नाते येथे उघड होते. ओल्या वाफेत १२१° ला १५ मिनिटांत होणारे निर्जंतुकीकरण कोरड्या हवेत १६०° ला दोन तास मागते. कोरड्या जागी बीजाणू कैक पट चिवट होतात. नीट न भिजलेल्या दाण्याचा गाभा, न विरघळलेल्या पिठाची गुठळी किंवा चरबीत अडकलेला कण ही डब्यातली अशीच कोरडी बेटे आहेत. भोवतालच्या रसाचा तापमान-आलेख बरोबर असतो, पण गाभ्यातला बीजाणू जणू कोरड्या भट्टीत असतो. पुढे साठवणीत गाभ्यात पाणी झिरपते आणि वाचलेला बीजाणू रुजतो. त्यामुळे दाणा कापून गाभा पांढरा, पिठूळ दिसतो का, हे भरण्याआधी पाहावे लागते. अपुऱ्या भिजलेल्या दाण्यांसाठी ठरवलेली प्रक्रिया लागू पडत नाही.

डब्याच्या बिघाडाची कारणे लक्षणांवरून ओळखता येतात. प्रक्रियेनंतर डबा थंड करताना शिवणीतून अशुद्ध पाण्याचा थेंब आत ओढला गेला तर नाना जातींचे जीवाणू सापडतात आणि डबा फुगतो. एकाच प्रकारचे बीजाणूजनक जीव आढळले तर उष्णता अपुरी पडली, असा अर्थ घेतात. डबा सपाट पण रस आंबट लागत असेल, तर बहुधा उष्णताप्रिय जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस वाढलेला असतो, आणि त्याचे मूळ बहुतेकदा डबे गरम अवस्थेतच रचून ठेवण्यात सापडते. म्हणून डबे ४०° च्या खाली लवकर उतरवतात. थोडी ऊब मात्र राखतात, कारण ओला राहिलेला पत्रा गंजतो आणि गंजलेली शिवण पुन्हा गळू लागते.