दारात मागितली जाणारी कस्टम ड्युटी आणि हँडलिंग फी (भारतातून ब्रिटनला आलेलं पार्सल)

परदेशातून आलेलं पार्सल हातात द्यायच्या आधी कुरिअरवाला किंवा पोस्ट जे पैसे मागते, त्याला बोलताना सगळेच सरसकट 'कस्टम' म्हणतात. खरं तर त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे सरकारचा कर आणि दुसरी म्हणजे तो कर तुमच्या वतीने आधी भरल्याबद्दल कंपनी घेते ती फी. ही नोंद ब्रिटनबद्दल आहे, कारण दिवाळीच्या आसपास पुण्या-मुंबईहून तिकडे राहणाऱ्या मुलांकडे, भावंडांकडे भरपूर पार्सलं जातात आणि आईने प्रेमाने पाठवलेल्या साडीवर सुनेला पैसे भरावे लागले की दोन्हीकडे वाईट वाटतं.

आधी कराचं बघू. पार्सल ब्रिटनमध्ये उतरलं की त्यावरचं डिक्लरेशन बघून कर ठरतो, म्हणजे पाठवणाऱ्याने आत काय आहे, किती किमतीचं आहे आणि गिफ्ट आहे की विकत घेतलेला माल आहे हे जे लिहिलंय त्यावर. एका खाजगी माणसाने दुसऱ्याला पाठवलेली भेट 39 पौंड किंवा त्याच्या आत असेल तर व्हॅट लागत नाही. त्याच्या वर गेली की व्हॅट लागतो, बहुतेक वस्तूंवर 20 टक्के. कस्टम ड्युटी मात्र 135 पौंडांपर्यंत लागतच नाही, म्हणजे लोक ज्याला कस्टम म्हणतात ते घरगुती पार्सलांच्या बाबतीत बहुतेक वेळा व्हॅटच असतं. 135 च्या वर 630 पौंडांपर्यंतच्या भेटीवर ड्युटी सरसकट 2.5 टक्के धरतात, काही वस्तूंवर त्याहून कमी, आणि 630 च्या पुढे वस्तूप्रमाणे दर बदलतो. दारू, तंबाखू आणि परफ्यूम यांचे नियम वेगळे आहेत, त्यांना ही सवलत धरून चालू नये.

इथे एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे कुरिअरने आलेल्या पार्सलवर व्हॅट नुसत्या वस्तूवर नाही तर वस्तू, कुरिअरचा खर्च आणि इन्शुरन्स मिळून जी रक्कम होते त्यावर लागतो. म्हणून आकडा अंदाजापेक्षा मोठा येतो आणि माणूस म्हणतो की हे फसवतायत, साडी तर एवढ्याची नव्हतीच.

आता फी. कंपनी कर आधी स्वतः भरते, मग तुमच्याकडून वसूल करते, आणि त्या कामाचे वेगळे पैसे लावते. तिकडची पोस्ट म्हणजे रॉयल मेल यासाठी 8 पौंड घेते, कुरिअर कंपन्या प्रत्येकी आपापला दर लावतात, त्यांची कमीत कमी रक्कम ठरलेली असते. फी जवळपास ठरीव असल्यामुळे ती छोट्या पार्सलला जास्त झोंबते. पोस्टाने आलेल्या 40 पौंडांच्या भेटीवर 8 पौंड व्हॅट आणि 8 पौंड फी असा हिशोब सहज होतो, आणि मला यातलं खरं दुखणं इथेच वाटतं, कारण जेवढे पैसे सरकारला गेले तेवढेच मधल्या कामाचे.

एक उदाहरण पूर्ण करून बघू, आकडे समजायला घेतलेत. पुण्याहून आईने लेस्टरला एक पार्सल पाठवलं. सुनेला 35 पौंडांची साडी, मुलाला 30 चा कुर्ता, नातवाला सावंतवाडीची 20 पौंडांची लाकडी खेळणी. एकूण 85 पौंड आणि कुरिअरचे 60. बुकिंगवाल्याने फॉर्मवर नुसतं 'गिफ्ट, कपडे आणि खेळणी, 85' असं एका ओळीत लिहून दिलं. मग ती 85 ची एकच भेट झाली, 39 च्या वर गेली, त्यामुळे 85 अधिक 60 म्हणजे 145 वर 20 टक्के, 29 पौंड व्हॅट. त्यात कंपनीची फी समजा 12, झाले 41 पौंड. म्हणजे साडीच्या किमतीपेक्षा जास्त पैसे दारात द्यायचे.

हेच पार्सल नियमात राहून फुकट सुटलं असतं. एका खोक्यात अनेकांच्या भेटी असतील आणि प्रत्येक भेट वेगळ्या माणसासाठी असेल, वेगवेगळी गुंडाळलेली असेल आणि डिक्लरेशनवर ज्याची त्याची किंमत वेगळी लिहिलेली असेल, तर 39 ची मर्यादा प्रत्येक भेटीला वेगळी मिळते. म्हणजे तीन पुड्या, तीन नावं, तीन ओळी: 35, 30 आणि 20. व्हॅट शून्य, आणि भरायला कर नसल्यामुळे फी पण नाही. हे बुकिंगच्या काउंटरवर आईलाच सांगावं लागतं, तिथला माणूस घाईत असतो तो एकच ओळ लिहून मोकळा होतो, म्हणून फॉर्म भरताना फोन चालू ठेवलेला बरा.

काही एजंट सांगतात की किंमत कमी टाका, साडी 500 रुपयांची लिहा. ते करू नये. किंमत पटली नाही तर कस्टम्सवाले ती बदलू शकतात, माल अडकवू शकतात, आणि पार्सल हरवलं तर भरपाई त्या 500 वरच मोजली जाते. तसंच ऑनलाइन मागवलेल्या वस्तूवर 'गिफ्ट' लिहिलं तरी ती गिफ्ट होत नाही. अशा विकत घेतलेल्या, 135 पौंडांच्या आतल्या मालावर 1 जानेवारी 2021 पासून व्हॅट विक्रेत्यानेच विकताना घ्यायचा असतो. तेव्हा दुकानात व्हॅट भरल्याची पावती असूनही दारात परत मागितला तर तो दुसऱ्यांदा मागितलेला असू शकतो, ती पावती जपून ठेवावी.

'डोअर टू डोअर' या शब्दानेही लोक फसतात. पुण्यात घेतलेले पैसे वाहतुकीचे असतात, तिकडच्या कराचे नाही. कर पाठवणाऱ्याने भरायचा असेल तर बुकिंगलाच तसं ठरवावं लागतं, त्याला डीडीपी म्हणतात. काही ठरवलं नसेल तर तो घेणाऱ्याच्या अंगावर येतो. आमच्याकडे एकदा पार्सल आधी मिळालं आणि तीन आठवड्यांनी बिल आलं, आम्ही ते खोटं समजून बाजूला टाकलं, मग स्मरणपत्र आलं, आणि तपासल्यावर कळलं की बिल खरंच होतं.

खोटे मेसेज मात्र खूप येतात. 'पार्सल अडकलंय, 1.99 पौंड भरा' आणि खाली लिंक. खऱ्या मागणीत ट्रॅकिंग नंबर असतो, तो कंपनीच्या साइटवर स्वतः जाऊन टाकला की तीच रक्कम दिसते. आतला कर आणि कंपनीची फी वेगवेगळी दाखवलेली असावी, आणि कराचा आकडा वरच्या हिशोबाशी साधारण जुळावा. लिंक दाबू नये. असे मेसेज ब्रिटनमध्ये 7726 या नंबरवर फॉरवर्ड करता येतात.

पैसे भरले नाहीत तर पार्सल साधारण तीन आठवडे थांबतं, मग परत जातं. कर चुकीचा लागला असं वाटत असेल तर आधी भरून पार्सल सोडवावं आणि मग परतावा मागावा. रॉयल मेल किंवा पार्सलफोर्सने आणलेल्या पार्सलसाठी BOR286 हा फॉर्म आहे, कुरिअर कंपनीने आणलेल्यासाठी C285. सोबत खोक्यावरचं लेबल आणि पैसे भरल्याचा कागद लागतो, म्हणून फराळ काढून घेतल्या घेतल्या खोका फेकू नये. परतावा फक्त कराचा मिळतो, हँडलिंग फीबद्दल कंपनीशीच बोलावं लागतं.