अमेरिकेत पासपोर्ट हरवला तर: मुलांकडे जाणाऱ्या आई-बाबांसाठी

आमच्याकडून तिकीट आणि व्हिसाचं काम करून घेणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मंडळी मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला चार-सहा महिने राहायला जाणारी असतात. हे पत्रक त्यांच्यासाठी आहे. पासपोर्ट हरवला की तिकडून जो फोन येतो त्यात प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "पासपोर्टवरच व्हिसा होता, म्हणजे आता आम्ही इथे बेकायदा राहतोय का?"

नाही. व्हिसा हा अमेरिकेच्या दारापर्यंत जाण्याचा परवाना आहे. दारातून आत घेताना विमानतळावरचा अधिकारी तुम्ही कोणत्या तारखेपर्यंत राहू शकता हे ठरवतो, आणि ती तारीख I-94 नावाच्या नोंदीत असते. विमानाने येणाऱ्यांची ही नोंद संगणकावरच होते, हातात कागद देत नाहीत. म्हणून पर्स चोरीला गेली तरी I-94 जागेवर असते. i94.cbp.dhs.gov या साइटवर नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक घातला की ती दिसते. क्रमांक मात्र हरवलेल्या पासपोर्टचाच घालायचा, कारण तुम्ही त्यावर आत आला आहात. त्या नोंदीतली शेवटची तारीख कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा. पुढचे सगळे निर्णय त्या तारखेवरून होतील.

आता थोडं थांबायला सांगतो. घरात कुठेतरी राहिला असेल अशी शंका असली, तर आधी घर, गाडी, बॅगांचे कप्पे, नातवंडांची खेळणी सगळं नीट शोधा. एक पूर्ण दिवस त्यात गेला तरी चालेल. कारण हरवल्याची नोंद एकदा झाली की ती मागे फिरवता येत नाही. भारतीय कॉन्सुलेट तो पासपोर्ट रद्द करतं आणि अमेरिकी दूतावास त्यावरचा व्हिसा. दोन दिवसांनी पासपोर्ट गादीखाली सापडला तरी दहा वर्षांचा व्हिसा गेला तो गेलाच. चोरी डोळ्यांदेखत झाली असेल, किंवा I-94 ची तारीख जवळ आली असेल, तर मात्र शोधत बसू नका.

नोंद तीन ठिकाणी करायची असते. पहिली पोलिसांकडे, जिथे पासपोर्ट गेला त्या गावच्या. तिथे तक्रारीचा क्रमांक लगेच मिळतो, पण अहवालाची प्रत हातात यायला काही दिवस लागू शकतात, म्हणून ती कधी आणि कुठून मिळेल हे त्याच वेळी विचारून घ्या. दुसरी नोंद भारतीय कॉन्सुलेटकडे. मुलगा ज्या राज्यात राहतो ते राज्य ज्या कॉन्सुलेटकडे येतं तिथेच जायचं; न्यू जर्सी असेल तर न्यूयॉर्क. तिसरी नोंद लोक हमखास विसरतात: ज्या अमेरिकी कार्यालयाने व्हिसा दिला, म्हणजे आपल्याकडे बहुतेकांचं मुंबईचं, त्यांना ईमेल करून व्हिसा हरवला की चोरीला गेला ते कळवायचं. नाव, जन्मतारीख, जन्मस्थान, अमेरिकेतला पत्ता आणि शक्य असेल तर व्हिसाच्या पानाची प्रत पाठवायची. या ईमेलची एक छापील प्रत जपून ठेवा. ती का लागते ते पुढे येईल.

यानंतरचा प्रश्न असतो, इमर्जन्सी सर्टिफिकेट घ्यायचं की नवा पासपोर्ट? इथे चूक झाली तर पैसे आणि आठवडे दोन्ही जातात. इमर्जन्सी सर्टिफिकेट, ज्याला सगळे ईसी म्हणतात, ते फक्त भारतात परत येण्यासाठी असतं. एकच फेरी, एकच दिशा. त्यावर वाटेत कॅनडा बघता येत नाही आणि भारतात उतरल्यावर इमिग्रेशनवाले ते काढून घेतात. नवा पासपोर्ट तिकडूनच मिळू शकतो, पण जुना हरवलेला असताना भारतातून पडताळणी झाल्याशिवाय तो देत नाहीत आणि त्याला किती वेळ लागेल हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. शिवाय एक गोष्ट दोन्ही वाटांवर सारखीच आहे: व्हिसा गेलेलाच आहे. अमेरिकेत राहून हरवलेला व्हिसा पुन्हा छापून मिळत नाही. त्यासाठी परत यायचं आणि इथून नव्याने अर्ज करायचा. म्हणून फिरायला किंवा बाळंतपणाला गेलेल्या आई-बाबांना आम्ही बहुतेक वेळा ईसीच सुचवतो.

मुलाचा स्वतःचा पासपोर्ट हरवला तर हाच सल्ला उलटा होतो. तो तिथे नोकरीच्या किंवा विद्यार्थ्याच्या व्हिसावर असेल तर ईसी घेऊन इकडे येणं म्हणजे नवा पासपोर्ट, नवा व्हिसा आणि त्याच्या मुलाखतीची तारीख मिळेपर्यंत इथेच अडकणं. त्याने तिथेच बसून नवा पासपोर्ट काढावा. I-94 ची मुदत चालू आहे आणि कागदपत्रं नियमात आहेत तोवर त्याच्या नोकरीला किंवा शिक्षणाला धक्का लागत नाही.

आमच्या एका काकूंची गोष्ट सांगतो, म्हणजे दिवसांचा हिशोब कळेल. काका-काकू सांगलीचे, मुलगा न्यू जर्सीत. ६ मेला उतरले, I-94 वर ५ नोव्हेंबर. परतीचं तिकीट ३० ऑक्टोबरचं, युरोपात विमान बदलून. १४ ऑक्टोबरला न्यूयॉर्क बघायला गेले असताना रेल्वे स्थानकात काकूंची पर्स गेली. काकांचा पासपोर्ट त्यांच्या खिशात होता, म्हणून तो वाचला. विमानाला १६ दिवस होते आणि मुदत संपायला २२. काकांचं म्हणणं होतं की नवा पासपोर्टच काढू, नाहीतरी काढायचाच आहे. पण तो २२ दिवसांत आला नसता तर मुदतीचा प्रश्न उभा राहिला असता. आम्ही ईसी घ्यायला सांगितलं.

मुलाने पासपोर्ट सेवा पोर्टलवर अर्ज भरला. पोलीस अहवाल, हरवलेल्या पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत, फोटो, मुलाच्या पत्त्याचा पुरावा आणि परतीच्या तिकिटाची प्रत लागली. तिकिटापाशी गाडी अडली. ईसी फक्त भारतासाठी चालतं, त्यामुळे वाटेत तिसऱ्या देशात विमान बदलायचं असेल तर तिथला विमानतळ किंवा विमान कंपनी अडवू शकते. युरोपातल्या काही विमानतळांवर भारतीय प्रवाशांना नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो, आणि चालू अमेरिकी व्हिसा असेल तर त्यातून सूट असते. काकूंची ती सूट व्हिसासोबतच गेली होती. म्हणून दोघांचं तिकीट बदलून न्यूयॉर्कहून थेट भारतात येणारं केलं. फरकाचे पैसे बरेच भरावे लागले, तरी ते वाचवू नका असंच आम्ही सांगू. विमान कंपनीला आधी फोन करून ईसीवर प्रवास आहे हे नोंदवलं. ऑनलाइन चेक-इन होईल असं धरून चाललो नाही आणि विमानतळावर चार तास आधी पोहोचायला सांगितलं. ईसी नवव्या दिवशी हातात पडलं.

त्या नऊ दिवसांचे पंचवीस झाले असते तर? मग ५ नोव्हेंबरच्या आत I-539 हा मुदतवाढीचा अर्ज करावा लागला असता, हरवलेल्या पासपोर्टची प्रत आणि पोलीस अहवाल जोडून, उशिराचं कारण लिहून. अर्ज वेळेत गेला असेल तर निर्णय येईपर्यंतचा काळ सहसा बेकायदा वास्तव्यात धरत नाहीत. "पासपोर्टच नाही तर जाणार कसे, त्यांना कळेल" असं म्हणून गप्प बसणं हा सगळ्यात वाईट मार्ग. मुदत उलटून १८० दिवसांपेक्षा जास्त राहून मग देश सोडला तर तीन वर्षं परत जाता येत नाही, आणि वर्ष उलटलं तर दहा. I-539 करायची वेळ आलीच तर तिथल्या इमिग्रेशन वकिलाला एकदा दाखवा. हे काम आमचं नाही आणि आम्ही ते अंगावर घेत नाही.

काकू सुखरूप आल्या, पण एक धागा मागे राहतो. अमेरिकेतून निघताना पासपोर्टवर शिक्का मारणारी खिडकीच नसते. तुम्ही गेलात हे सरकारला विमान कंपनीच्या यादीवरून कळतं. काकू आत आल्या एका क्रमांकावर आणि बाहेर पडल्या दुसऱ्याच, ईसीच्या क्रमांकावर. अशा वेळी दोन नोंदी जुळत नाहीत आणि कागदोपत्री माणूस तिथेच राहिल्यासारखा दिसू शकतो. काकूंच्या बाबतीत तसंच झालं: महिन्याभराने I-94 च्या साइटवर प्रवासाचा इतिहास पाहिला तर निघाल्याची नोंद नव्हती. म्हणून ईसी इथे जमा करण्याआधी त्याच्या सगळ्या पानांचे फोटो काढा आणि बोर्डिंग पास टाकून देऊ नका. पुढे व्हिसासाठी DS-160 भरताना पासपोर्ट कधी हरवला होता का आणि अमेरिकी व्हिसा कधी हरवला होता का, असे दोन्ही प्रश्न येतात. दोन्हींचं उत्तर खरं, म्हणजे 'हो', द्यायचं आणि थोडक्यात हकीकत लिहायची. पोलीस अहवाल, दूतावासाला पाठवलेला ईमेल, ईसीचे फोटो आणि बोर्डिंग पास एका फाइलमध्ये घालून मुलाखतीला न्यायचे. काकूंनी तीच फाइल नेली होती.

भारतात आल्यावर नवा पासपोर्ट काढताना पोलीस अहवाल आणि हरवल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. पुन्हा प्रवास जवळ नसला तरी हे काम लांबवू नका, अमेरिकेच्या पोलिसांचा कागद वर्षभराने शोधणं फार अवघड जातं. प्रवास विमा असेल तर पासपोर्टच्या खर्चाचा दावाही याच अहवालावर होतो.

निघण्याआधीची तयारी आम्ही कार्यालयातच करून देतो. पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान, व्हिसाचं पान (खाली उजव्या कोपऱ्यातला लाल क्रमांक स्पष्ट दिसायला हवा) यांचे फोटो तुमच्या आणि मुलाच्या, दोघांच्या ईमेलवर. तिकडे उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी मुलाकडून I-94 ची प्रत काढून घ्या. पुष्कळ जणांचा व्हिसा जुन्या पासपोर्टवर असतो आणि नवा-जुना रबर लावून एकत्र बांधलेला असतो. प्रवासात दोन्ही लागतात, पण मुलाच्या घरी पोहोचलात की रबर काढा आणि दोन वेगळ्या कपाटांत ठेवा. गावात फिरायला जाताना पासपोर्टची आणि I-94 ची प्रत जवळ ठेवा. मूळ पासपोर्ट नेणं गरजेचं असेल त्या दिवशी तो पर्समध्ये न ठेवता अंगावरच्या आतल्या खिशात ठेवा.