श्वासकष्ट (धाप)

श्वास घेताना होणाऱ्या अस्वस्थतेची जाणीव. बोलण्यात धाप लागणे, दम लागणे, श्वास अपुरा पडणे, घुसमट होणे असे शब्दप्रयोग येतात. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने १९९९ मध्ये केलेल्या आणि २०१२ मध्ये कायम ठेवलेल्या व्याख्येनुसार ही व्यक्तिनिष्ठ अनुभूती आहे आणि तिच्यात गुणाने वेगवेगळ्या संवेदना कमीअधिक तीव्रतेने असतात. श्वासाचा वेग, नाकपुड्या फुलणे, मानेचे स्नायू ताणले जाणे ही बाहेरून दिसणारी लक्षणे आहेत, तर श्वासकष्ट हा रुग्णाने सांगायचा अनुभव आहे. दोन्ही एकत्र असतीलच असे नाही.

या अनुभूतीचे तीन प्रकार सर्वसाधारणपणे मानले जातात. श्वास घेण्याचे श्रम वाढल्याची जाणीव स्नायूंवरील भारातून येते. छाती आवळल्यासारखे वाटणे हे दम्यात श्वासनलिका आकुंचन पावताना विशेष आढळते. तिसरा प्रकार हवेच्या भुकेचा, म्हणजे ‘हवा पुरत नाही’ या भावनेचा. सर्वांत क्लेशदायक हाच असून पुढील विवेचन मुख्यतः त्याविषयी आहे.

*मेंदूतील उगम.* श्वासाची लय मेंदूच्या तळाशी, मज्जारज्जूला जोडून असलेल्या लंबमज्जेत तयार होते. तेथील प्रीबॉट्झिंगर संकुल हा पेशीसमूह या लयीचा उगम असल्याचे १९९१ मध्ये मांडले गेले. लंबमज्जेच्या पुढच्या पृष्ठभागाजवळचे रासायनिक ग्राहक कार्बन डाय-ऑक्साइडमुळे वाढणारी आम्लता ओळखतात. मानेतील रोहिणी जिथे दुभंगते तिथले ग्रीवा रोहिणी पिंड मुख्यतः ऑक्सिजनचा दाब ओळखतात. या पिंडांच्या आणि महारोहिणीच्या संवेदी कार्यावरील शोधासाठी कॉर्नेल हेमान्स यांना १९३८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. नेहमीच्या श्वसनाचे नियंत्रण मात्र कार्बन डाय-ऑक्साइडच करतो, हे हॉल्डेन आणि प्रीस्टली यांनी १९०५ मध्येच दाखवले होते.

लंबमज्जा श्वसनस्नायूंना आज्ञा देते तेव्हा त्या आज्ञेची एक प्रत मेंदूच्या वरच्या भागांकडेही जाते, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. आज्ञेप्रमाणे फुप्फुसे फुगली की त्यांच्यातील ताणग्राहक प्राणेशा तंत्रिकेवाटे तशी वर्दी देतात. आज्ञा मोठी आणि वर्दी अपुरी असेल तर हवेची भूक जाणवते. अशा वेळी मेंदूची प्रतिमाचित्रे घेतल्यास इन्सुला हा भाग ठळकपणे कार्यरत दिसतो. वेदना आणि तहान यांतही तो सहभागी असतो. अग्र सिंग्युलेट भाग आणि भीतीशी निगडित असलेला अमिग्डाला यांचाही सहभाग आढळतो. धापेबरोबर भीती का येते, याचा उलगडा यातून बऱ्याच अंशी होतो.

*उगमाविषयीचा वाद.* ही जाणीव स्नायूंतून येते की मेंदूतच उपजते, यावर दीर्घकाळ मतभेद होते. कॅम्पबेल आणि हॉवेल यांनी १९६० च्या दशकाच्या प्रारंभी ‘ताण आणि लांबी यांतील विसंगती’चा सिद्धांत मांडला. स्नायूने जितका ताण दिला त्या मानाने तो आखडला नाही, तर मेंदू त्याचा अर्थ श्वासकष्ट असा लावतो, असे त्यांचे म्हणणे होते. कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये ट्युबोक्युरारीन देऊन स्वयंसेवकांचे स्नायू निश्चल केले, तेव्हा श्वास नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ रोखता आला आणि त्रासही जाणवला नाही. सिद्धांताला हा भक्कम आधार वाटला.

बॅन्झेट आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांनी मात्र हे मत मागे पडले. मानेच्या वरच्या भागातील मज्जारज्जू तुटल्यामुळे कृत्रिम श्वसनावर असलेल्या व्यक्तींना १९८९ मध्ये कार्बन डाय-ऑक्साइड वाढवून दिला असता त्यांना हवेची भूक लागली, जरी छातीच्या स्नायूंकडून मेंदूकडे काहीच पोहोचत नव्हते. १९९० मध्ये स्नायू पूर्ण निश्चल केलेल्या निरोगी व्यक्तींतही तीच तीव्र घुसमट दिसली. कॅम्पबेल यांचा निष्कर्ष वेगळा का आला, याची स्पष्टीकरणे निरनिराळी दिली जातात. प्रयोगातील व्यक्तींची संख्या फार कमी होती, हे तरी लक्षात घ्यावे लागते. श्रमाच्या जाणिवेत स्नायूंचा वाटा आहे, हवेच्या भुकेसाठी मात्र स्नायूंचे आकुंचन आवश्यक नाही, हे मत आज अधिक ग्राह्य वाटते.

फुप्फुसांच्या हालचालीचे महत्त्व फाउलर यांच्या १९५४ च्या प्रयोगातून दिसते. श्वास अगदी असह्य होईपर्यंत रोखून धरलेल्या व्यक्तींना सुमारे ८ टक्के ऑक्सिजन आणि ७.५ टक्के कार्बन डाय-ऑक्साइड असलेले मिश्रण श्वासात दिले. त्याने रक्तातील वायूंची स्थिती सुधारण्यासारखी नव्हती. तरीही त्यांना लगेच हायसे वाटले आणि पुन्हा काही काळ श्वास रोखता आला. आराम पडला तो छाती हलल्यामुळे. अतिदक्षता विभागात याची उलट बाजू दिसते. फुप्फुसांचे रक्षण व्हावे म्हणून कृत्रिम श्वसनयंत्रावर दर श्वासाचे आकारमान आदर्श वजनाच्या प्रत्येक किलोग्रॅममागे ६ मिलिलिटरच्या आसपास ठेवतात. मापनात ऑक्सिजन उत्तम असतो, पण रुग्ण घुसमटत असू शकतो आणि तोंडात नळी असल्याने तसे सांगूही शकत नाही.

दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटशी संबंधित शास्त्रज्ञ अवतार सिंग पेंटल यांनी १९५५ मध्ये वर्णन केलेले ‘जे ग्राहक’ फुप्फुसातील केशवाहिन्यांलगत असतात. तेथे द्रव साचू लागला की ते उद्दीपित होतात. हृदयनिकामीपणातील धापेत त्यांचा वाटा असावा असे मानले जाते.

*ऑक्सिजनशी विसंगती.* रोहिणीतील ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या साधारण ६० मिमीखाली उतरेपर्यंत ग्रीवा रोहिणी पिंडांचा प्रतिसाद सौम्य असतो, त्यानंतर तो झपाट्याने वाढतो. ६० मिमी दाबाला हिमोग्लोबिन जवळजवळ ९० टक्के संपृक्त, म्हणजे ऑक्सिजनने भरलेले असते. शिवाय कार्बन डाय-ऑक्साइड नेहमीच्या ३५ ते ४५ मिमीच्या खाली असेल तर कमी ऑक्सिजनला मिळणारा प्रतिसादही मंदावतो.

कोविड-१९ मध्ये ऑक्सिजन धोकादायक पातळीवर असूनही रुग्णाला धाप न लागण्याची स्थिती अनेकदा आढळली. तिची यंत्रणा एका ढोबळ आकडेमोडीतून कळते. समजा, ७० टक्के रक्त चांगल्या वायुकोशांतून जाते आणि ९८ टक्के संपृक्त होऊन परतते. उरलेले ३० टक्के रक्त द्रवाने भरलेल्या वायुकोशांपाशी हवेला न भेटताच पुढे जाते आणि नीलेतल्याप्रमाणे ६० टक्के संपृक्तच राहते. मिश्रण होते ६८.६ अधिक १८, म्हणजे सुमारे ८७ टक्के, आणि दाब ६० मिमीच्या थोडा खाली. आता रुग्णाचा श्वास वाढतो. चांगल्या भागातील रक्त ९८ टक्क्यांवरून फार तर ९९ टक्क्यांपर्यंत जाईल, त्यामुळे मिश्रण ८७ च्या आसपासच राहते. कार्बन डाय-ऑक्साइडला अशी कमाल मर्यादा नाही. चांगल्या भागात तो ४० वरून २८ मिमीपर्यंत खाली आणता येतो. न बदललेल्या रक्तातील ४६ मिमी धरले तरी मिश्रणात तो ३३ च्या आसपास येतो. म्हणजे ऑक्सिजन कमी, कार्बन डाय-ऑक्साइडही कमी. फुप्फुसे फार ताठरलेली नसतील तर श्वासाचे श्रमही बेताचेच असतात. घुसमटीचा मुख्य चेतक गैरहजर असल्याने रुग्ण फोनवर नीट बोलत असतो. पूर्ण एक मिनिट मोजल्यास श्वास २८ भरतात, पण त्याची त्याला तक्रार नसते. वय वाढलेल्यांत आणि मधुमेहींत ऑक्सिजन कमी झाल्याचा प्रतिसाद आणखी क्षीण असू शकतो. म्हणूनच २०२१ च्या लाटेत महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाने घरी सहा मिनिटे चालून बोटावरच्या ऑक्सिजन मापकाची आधीची आणि नंतरची नोंद ताडून पाहण्यास सांगितले होते. नोंद ९३ च्या खाली गेली किंवा ३ टक्क्यांपेक्षा जास्त घसरली तर रुग्णालयात जाणे इष्ट मानले गेले.

पाण्याखाली पोहण्याआधी मुद्दाम जोरजोरात श्वास घेण्याचा धोकाही याच कारणाने असतो. त्याने ऑक्सिजनचा साठा फारसा वाढत नाही. कार्बन डाय-ऑक्साइड मात्र उतरतो, त्यामुळे वर येण्याची ओढ लागण्यापूर्वीच शुद्ध हरपते.

याउलट स्थितीत ऑक्सिजनचा आकडा उत्तम असतो आणि त्रास तीव्र. रक्तक्षय, मधुमेहातील आम्लरक्तता, दम्याच्या झटक्याची सुरुवात आणि तीव्र भीतीचा झटका ही त्याची नेहमीची उदाहरणे. भीतीच्या झटक्याचे निदान इतर कारणे वगळल्यावरच करावे, कारण फुप्फुसातील रक्तगुठळीतही प्रारंभी आकडा चांगला असू शकतो.

ग्रामीण महाराष्ट्रात मण्यारदंशात ही विसंगती जीवघेणी ठरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री दंश होतो. बहुधा वेदना किंवा सूज नसते. काही तासांत पापण्या जड होतात, दुहेरी दिसते, गिळणे अवघड होते, मान उचलत नाही आणि मग श्वसनस्नायू दुबळे होतात. रुग्ण घुसमटत असतो, पण स्नायूंत बळ नसल्याने धापणारी छाती दिसत नाही आणि तो शांत वाटतो. त्यात मास्कने ऑक्सिजन सुरू असेल तर श्वास उथळ होऊन कार्बन डाय-ऑक्साइड चढत गेला तरी पडद्यावर ९८ दिसत राहते. अशा वेळी रुग्णाला खोल श्वास घ्यायला लावून एका दमात सेकंदाला सुमारे दोन या गतीने अंक मोजायला सांगतात. निरोगी प्रौढ ५० च्या आसपास पोहोचतो. मोजणी दर खेपेला घटत २० च्या खाली आली तर कृत्रिम श्वसनाची तयारी ठेवावी लागते. आकडा घसरण्याची वाट पाहणे उशिराचे ठरते.

*मापकाच्या मर्यादा.* बोटावरच्या मापकाचे तत्त्व जपानमधील ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात शोधले. तांबडा आणि अवरक्त प्रकाश बोटातून किती पार होतो, यावरून यंत्र संपृक्ततेचा अंदाज बांधते. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिनही त्याला ऑक्सिजनयुक्त भासते. त्यामुळे बंद खोलीत शेगडी पेटती ठेवल्याने बाधा झालेल्या व्यक्तीची नोंद खोटी चांगली येते. थंड बोटे, हालचाल आणि गडद नेलपॉलिश यांनी नोंद चुकते. ८० टक्क्यांखाली अचूकता घटते. गडद त्वचेत यंत्र प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवू शकते, हे २०२० मध्ये अमेरिकेतील रुग्णांच्या नोंदींतून पुन्हा पुढे आले. भारतीय रुग्णांबाबत ही गोष्ट विसरून चालणार नाही.

*आराम.* रक्तातील ऑक्सिजन पुरेसा असलेल्या असाध्य रुग्णांत नळीवाटे दिलेला ऑक्सिजन आणि साधी हवा यांचा परिणाम सारखाच होतो, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. चेहऱ्यावर, विशेषतः नाक व गाल यांवर, गार वारा घेतल्यास त्रिशाखी तंत्रिकेमार्फत घुसमट कमी होत असावी. हातपंखा किंवा छोटा विजेचा पंखा चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर धरतात. मॉर्फिनच्या अल्प मात्रेचा उपयोग उपशामक उपचारांत बऱ्याच काळापासून होतो. मात्र फुप्फुसांच्या जुनाट रोगात सर्वांत तीव्र धापेवर तिचा लाभ २०२२ च्या एका चाचणीत दिसला नाही, त्यामुळे सरसकट वापराबाबत आता सावधगिरी बाळगली जाते.